तार आधी, मग घड: एका द्राक्ष ब्रँडचा ८ सेकंदांचा इंट्रो १.८ सेकंदांवर कसा आणला

नाशिक जिल्ह्यातला एक घरचा व्यवसाय आहे, द्राक्षाची रोपवाटिका, जोडीला खत-औषधांचं दुकान आणि बागायतदारांना सल्ला. नाव लिहीत नाही, तसं आमचं ठरलंय. यूट्यूबवर त्यांचे आठवड्याला दोन व्हिडिओ येतात, मधेमधे रील्स. बागेत उभे राहून बोलणारे कृषी सल्लागार आहेत, त्यांना सगळे सर म्हणतात, मालकांना सगळे आप्पा. एडिटिंगला चार पोरं, दोघं कॉम्प्युटरवर करतात आणि दोघं सरळ मोबाईलवर. मला बोलावलं होतं ते "लोगो जरा हलता करून द्या" एवढ्यासाठी.

लोगो हलता आधीच होता, तोच तर प्रॉब्लेम होता. ८ सेकंदांचा इंट्रो, कुठल्यातरी रेडीमेड टेम्प्लेटमधून आलेला. काळ्या पडद्यावर पृथ्वीचा गोळा फिरतो, त्यातून सोनेरी कण उडतात, लखलखाट होतो आणि साधारण सहाव्या सेकंदाला नाव वाचता येतं. खाली ढोलाचा दणका. आता हा व्हिडिओ बघणारा माणूस कुठे असतो ते बघा, तो बागेत उभा आहे, पानावर तेलकट डाग दिसलाय, डाऊनी नावाचा बुरशीचा रोग आहे का दुसरं काही हे त्याला आत्ता कळायला हवंय, मोबाईल उन्हात धरलाय, आणि आपण त्याला पृथ्वी फिरवून दाखवतोय. रिटेन्शनचा ग्राफ उघडला तर प्रत्येक व्हिडिओत तिसऱ्या सेकंदापासून रेघ कड्यासारखी खाली यायची. आप्पांना ग्राफ दाखवला तर ते म्हणाले, "अहो, आठ सेकंदात माणूस बांध ओलांडून पलीकडे जातो."

हे ऐकल्यावर मी लोगो बाजूला ठेवला आणि आधी जुने बारा व्हिडिओ सलग बसून बघितले. इंट्रो सोडा, आतसुद्धा चौघांच्या चार तऱ्हा होत्या. एकाच्या व्हिडिओत पान उलटल्यासारखं ट्रान्झिशन, दुसऱ्याच्यात गरगर झूम, तिसऱ्याच्यात ग्लिच, चौथा बिचारा साधा कट मारायचा आणि खरं सांगायचं तर त्याचेच व्हिडिओ सगळ्यात नीट वाटायचे. सरांच्या नावाची पट्टी कधी डावीकडून सरकत यायची, कधी उसळी मारत. रंग आणि फॉन्ट सगळीकडे एकच होते बरं का, ब्रँडबुक नीट पाळलेलं होतं. पण ब्रँडबुकात वेळेबद्दल एक ओळ नव्हती. काय हलेल, किती वेळात हलेल, जड हलेल का हलकं हलेल, कधी अजिबात हलणार नाही, हे कुणी ठरवलंच नव्हतं. मोशन आयडेंटिटी म्हणतात ती हीच, आणि लोगोचं ॲनिमेशन हा तिचा फक्त एक तुकडा असतो. म्हणून मी आप्पांना सांगितलं की एक फाईल देऊन काम होणार नाही, हलण्याची एक सवय ठरवावी लागेल आणि ती सगळीकडे लागेल.

सवय कुठून आली

दोन दिवस बागेत फिरलो. मांडव आणि वाय दोन्ही पद्धतीच्या बागा बघितल्या. तिथे एक गोष्ट सारखी डोळ्यांसमोर यायची, ती म्हणजे तार. आधी तार ताणतात, ती नीट ताणली गेली की वेल तिच्यावर येतो आणि घड खाली लोंबतात. आणि आपली देवनागरी काय करते? वर शिरोरेखा आणि तिला खाली लटकलेली अक्षरं. त्यांचं नाव देवनागरीतच लिहिलेलं होतं, जाड, सरळ शिरोरेखेचं. म्हणजे लोगोत तार आधीपासून होतीच, फक्त तिला कुणी ताणली नव्हती.

त्यातून एकच वाक्य निघालं, तार आधी, मग घड. आधी रेघ ताणली जाईल, मग तिला काहीतरी वजनाने लटकेल. लोगो असाच येणार, सरांच्या नावाची पट्टी अशीच येणार, विषय बदलतानाचं ट्रान्झिशनही याच वळणाचं. मला विचाराल तर आयडिया एकाच वाक्यात एडिटरला फोनवर सांगता आली पाहिजे. चार पानं लागत असतील तर ती पोरं ती पानं उघडणार नाहीत आणि त्यात त्यांची काही चूक नाही, रात्री अकराला व्हिडिओ टाकायचा असतो.

मात्रा

आता वेळ. व्हिडिओवाले सवयीने फ्रेममध्ये बोलतात, दहा फ्रेम, बारा फ्रेम. पण इथे कॅमेऱ्याचं शूट सेकंदाला २५ फ्रेमचं होतं आणि मोबाईलचं ३० चं. दहा फ्रेम म्हणजे एका ठिकाणी ०.४ सेकंद आणि दुसऱ्या ठिकाणी ०.३३, म्हणजे तीच हालचाल मोबाईलच्या व्हिडिओत घाईची वाटणार. म्हणून असं माप शोधलं जे दोन्हीकडे पूर्ण फ्रेमवर बसेल. ०.२ सेकंद घेतलं तर २५ मध्ये बरोब्बर ५ फ्रेम होतात आणि ३० मध्ये ६. याला आम्ही मात्रा म्हणायला लागलो, तालातली म्हणतात तशी. त्यानंतर सगळं बोलणं मात्रांमध्येच. "पट्टी किती मात्रांत येते रे?" "दोन." वाद मिटला.

लोगो एकूण नऊ मात्रांचा, म्हणजे १.८ सेकंद. पहिल्या दोन मात्रांत तार डावीकडून उजवीकडे ताणली जाते. पुढच्या चार मात्रांत चार अक्षरं एकेक करून लटकतात. मग दोन मात्रा सगळं स्थिर, काही हलायचं नाही. शेवटच्या एका मात्रेत तार उजवीकडे ओढली जाते आणि अक्षरं तिच्यासोबत निघून जातात.

अक्षरांचा भाग जरा जवळून सांगतो. २५ च्या टाईमलाईनवर पहिलं अक्षर दहाव्या फ्रेमला सुरू होतं, पुढची तेराव्या, सोळाव्या आणि एकोणिसाव्याला. प्रत्येक अक्षर सात फ्रेममध्ये खाली येतं आणि नंतरच्या चार फ्रेममध्ये किंचित जास्त खाली जाऊन परत जागेवर बसतं, घड सोडल्यावर एकदा झुलतो तसं, पण एकदाच. दोनदा झुललं की लगेच कार्टून वाटायला लागतं. आणि प्रत्येक अक्षर लटकताना तारही तेवढ्या ठिकाणी दोन-तीन पिक्सेल खाली वाकते. हे वाकणं कुणाला दिसत नाही, पण काढून टाकलं की अक्षरं चिकटवल्यासारखी दिसतात. मी काढून बघितलं, मग परत घातलं.

स्थिर राहायच्या दोन मात्रांवर मात्र भांडण झालं. मी आधी एकच मात्रा ठेवली होती, ०.२ सेकंद, मॉनिटरवर मस्त दिसत होतं. मग दुकानात आलेल्या एका बागायतदाराच्या हातात मोबाईल दिला, बाहेर उन्हात उभं केलं आणि विचारलं, काका, काय नाव होतं? ते म्हणाले हिरवं काहीतरी लटकलं. बस्स, दोन मात्रा केल्या. नाव रोज वाचणाऱ्या डिझायनरला नाव वाचायला वेळ लागतच नाही, त्यामुळे हा निर्णय स्वतःच्या डोळ्यांवर सोडू नये. त्याच वेळी तारेची जाडीही वाढवली, १०८० उंचीच्या फ्रेममध्ये ४ पिक्सेलची रेघ उन्हात गायब होत होती, ती १२ ची केली.

हालचालीचा वेग कसा चढतो-उतरतो तो प्रश्न वेगळा. आफ्टर इफेक्ट्समध्ये सगळे कीफ्रेम सिलेक्ट करून `F9` दाबायची सवय असते, त्याने दोन्ही टोकांना सारखाच मऊपणा येतो, हळू सुरू, हळू बंद. सगळंच असं हललं की कशालाच वजन राहत नाही, सगळं पाण्यात तरंगल्यासारखं. आम्हाला दोन वेगवेगळ्या वळणांची गरज होती. तार ताणताना झटक्यात सुटते आणि शेवटी आवळत आवळत थांबते. घड उलटा, सुरुवातीला हळू आणि खाली येताना वेग धरतो. ग्राफ एडिटरमध्ये हे दोन कर्व्ह हाताने बसवले आणि वेबसाईट करणाऱ्या मुलीला तेच आकड्यांत दिले, म्हणजे साईटवरचा मेनूसुद्धा त्याच सवयीने उघडेल:

```css
:root {
  --matra: 200ms;
  --taan: cubic-bezier(0.1, 0.8, 0.2, 1);
  --vajan: cubic-bezier(0.6, 0, 0.9, 0.5);
}
```

पूर्ण नियमावलीत कर्व्ह एवढे दोनच. तिसरा कुणी मागितला तर आधी विचारायचं, हे ताणतंय की लटकतंय? दोन्ही नसेल तर ते हलायची गरज नाही.

देवनागरी हलवताना

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि मराठी लोगो हलवणाऱ्या प्रत्येकाचा जाईल म्हणून सविस्तर लिहितो.

नावात चार अक्षरं, त्यातल्या दुसऱ्याला ह्रस्व वेलांटी आणि शेवटचं जोडाक्षर. टेक्स्ट लेयरला नेहमीचं एकेक कॅरेक्टर यायचं ॲनिमेशन लावलं तर आमच्या सेटअपमध्ये वेलांटी वेगळी, व्यंजन वेगळं, जोडाक्षराचा पाय मोडलेला. कॉम्प्युटरला वेलांटी हे वेगळं चिन्ह वाटतं, आणि ते टाईप होतं व्यंजनाच्या नंतर पण दिसतं आधी. मराठी वाचणाऱ्याला मात्र ते एकच अक्षर आहे, अर्धं आलेलं अक्षर त्याला चूक वाटतं. म्हणून टेक्स्ट ठेवलाच नाही, सगळ्याचे आऊटलाईन शेप केले आणि हलायचा एकक अक्षर धरला, वेलांटी-मात्रा-काना सगळ्यासकट.

शेप केल्यावर दुसरी अडचण. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर स्वतःच्या शिरोरेखेचा तुकडा घेऊन येतं आणि ते तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. स्थिर लोगोत कळत नाही. पण अक्षरं फेड करून आणलीत की जिथे तुकडे चढलेत तिथे गडद ठिपके दिसतात, शिरोरेखेवर टाके घातल्यासारखे. तुमच्या व्हिडिओत हे आहे का बघायचं असेल तर फेडच्या मधल्या फ्रेमवर थांबवा आणि रेघेकडे बघा. आम्ही अक्षरांवरची शिरोरेखा सरळ कापून काढली आणि पूर्ण नावाची एकच तार वेगळ्या लेयरवर केली, तिला ट्रिम पाथ्स लावून ताणली. कापल्यावर तार आणि अक्षर यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसायला लागली, तेव्हा प्रत्येक अक्षर एक पिक्सेल वर, तारेच्या मागे सरकवलं. आणि नियम लिहिला की वेगवेगळी अक्षरं कधीच फेड करायची नाहीत, करायचं तर अख्खा लोगो एकत्र.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडली. वेलांटीची कमान आणि जोडाक्षरावरची मात्रा शिरोरेखेच्या वर असते. ती लटकणार कशी? पहिल्या प्रयत्नात ती अक्षरासोबतच खालून वर-खाली झाली आणि तार मधूनच कापल्यासारखी दिसली. मग सर सहज म्हणाले, "तारेच्या वर काय असतं? फूट असते." त्यांनी सांगितलं तसं केलं, अक्षर खाली बसलं की त्याच्या वरचा भाग तारेतून वर उगवतो, अक्षर बसायच्या त्याच चार फ्रेममध्ये. म्हणजे वजन खाली आणि फूट वर. वेलांटीचा खालचा उभा दांडा मात्र अक्षरासोबतच लटकतो, तो वेगळा पडला की परत तेच तुकडे.

आवाज

जुन्या इंट्रोतला ढोल हेडफोनवर भारी वाटायचा. मोबाईलच्या छोट्या स्पीकरमधून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे बागेत उभ्या माणसाला फक्त एक टक् ऐकू यायचं. नवीन आवाजासाठी तार आहेच म्हटल्यावर तुणतुणं घेतलं. तार ताणून झाली त्या क्षणाला, म्हणजे दुसऱ्या मात्रेच्या शेवटी, एक छेड, आणि शेवटचं अक्षर बसताना लाकडावर हलकी टिचकी. तुणतुण्याचा सूर वरचा आणि चिरका असतो, छोट्या स्पीकरवर तो स्वच्छ येतो. त्याची आस पुढच्या शॉटवर थोडी सांडू द्यायची, ती कापली की इंट्रो तोडल्यासारखा वाटतो.

आवाजाची पातळी सरांच्या बोलण्याइतकीच, जराही वर नाही. यूट्यूब जास्त मोठ्या आवाजाचा व्हिडिओ साधारण -१४ एलयूएफएसपर्यंत खाली आणतं, पण ते अख्ख्या व्हिडिओचं माप धरून. मधेच आलेला मोठा आवाज बोलण्याच्या तुलनेत मोठाच राहतो आणि माणूस दचकून आवाज कमी करतो, मग पुढचं औषधाचं प्रमाण त्याला ऐकू येत नाही. रील्स बरेच जण म्यूट करूनच बघतात, म्हणून आवाज बंद ठेवूनही ताण आणि वजन कळतंय ना ते वेगळं तपासलं.

लोगो कधी येणार

इथे आप्पांचा विरोध होता. त्यांना लोगो सगळ्यात आधी हवा होता, टीव्हीवर असतो तसा. त्यांची भावना मला कळत होती. दूरदर्शनचं ते फिरत फिरत जुळून येणारं चिन्ह आणि ती शहनाईची धून आमच्या घरात सगळ्यांच्या कानात आहे, एनआयडीत देवाशिष भट्टाचार्य यांनी काढलेलं चिन्ह, आणि ते सावकाश यायचं म्हणूनच मनात बसलं. पण तेव्हा माणूस टीव्हीसमोर बसून कार्यक्रमाची वाट बघत असायचा, ते चिन्ह त्या वाट बघण्यातच यायचं. आज अंगठा पुढच्या व्हिडिओवर असतो. नेटफ्लिक्सचं उदाहरण मी त्यांना दिलं, मोबाईल-टीव्हीवर त्यांचं ते टु-डम काही सेकंदांत संपतं, पण थिएटरसाठी त्यांनी त्याच आवाजाची लांब आवृत्ती हान्स झिमर यांच्याकडून करून घेतली, कारण तिथे प्रेक्षक तिकीट काढून खुर्चीत बसलेला असतो. चिन्ह एकच, लांबी माणूस कुठे बसलाय त्यावर. आप्पांनी यावर एकच विचारलं, "मग शेतकरी मेळाव्यात मोठ्या पडद्यावर लांब चालेल?" चालेल. त्यासाठी वीस मात्रांची, म्हणजे ४ सेकंदांची वेगळी केली, तेवढंच.

व्हिडिओचा नियम मात्र असा ठरला. सुरुवात थेट बागेत, पान किंवा घड हातात, जवळून, आणि सरांचं एक वाक्य: "पानाच्या वरच्या बाजूला असा पिवळट तेलकट डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसली तर ती डाऊनी." हे साधारण ५ सेकंदांत होतं. वाक्य पूर्ण झालं की लोगो, कुठल्याही परिस्थितीत आठव्या सेकंदाच्या आत सुरू. वाक्याच्या मधे कधीच नाही. लोगो चालू असताना सर बोलत नाहीत पण बागेचा आवाज चालूच राहतो, पक्षी, लांबचा ब्लोअर, वारा. हा आवाज तुटला की डोक्यात भिंत पडते आणि माणसाला वाटतं जाहिरात आली. लोगोनंतरचा पहिला शॉट किमान दहा मात्रा टिकवायचा, लगेच कट नाही, म्हणजे नजर परत बागेत स्थिर होते. ६० सेकंदांपेक्षा छोट्या रीलमध्ये इंट्रो नाहीच, शेवटी फक्त तार आणि अक्षरं, आणि ती सुद्धा खालच्या चौथ्या भागात नको कारण तिथे ॲपची बटणं आणि कॅप्शन येतात.

अजून एक नियम आहे तो मी कुणाच्याही सांगण्यावरून घातला नाही. गारपीट, अवकाळी पाऊस अशा वेळच्या तातडीच्या व्हिडिओत काही हलणार नाही. लोगो कोपऱ्यात स्थिर, तुणतुणं नाही, ट्रान्झिशन नाही. ज्याचे घड आज जमिनीवर पडलेत त्याला झुलणारी अक्षरं दाखवायची नाहीत. हे वाचून आप्पा थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, हे पहिल्या पानावर टाका.

ट्रान्झिशनवर फार लिहित नाही. एकाच विषयात साधा कट, नेहमी. विषय बदलला तर आडवी तार वरून खाली येते आणि तिच्यामागून पुढचा शॉट पडद्यासारखा उतरतो, तीन मात्रांत, दहा मिनिटांच्या व्हिडिओत जास्तीत जास्त चार वेळा. आधी मी पूर्ण हिरव्या पाटीने झाकून बदलत होतो, पण अंधारात बघताना तो पांढऱ्या-हिरव्याचा भपका डोळ्यांवर यायचा म्हणून काढला. सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट नको हा प्रकाशाने त्रास होणाऱ्यांसाठीचा सर्वमान्य नियम आहे, जुना इंट्रो त्यात बसला असता असं मला वाटत नाही.

हातात दिल्यावर

फाईल दिल्या आणि पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी बिघडल्या.

एका व्हिडिओत तार अडखळत होती. ताणताना मधेच एक क्षण थांबते आणि पुढे जाते, असं दोनदा. पोराला वाटलं मोबाईल हँग होतोय. फ्रेम-बाय-फ्रेम पुढे केलं तर पाच फ्रेम नीट आणि सहावी परत तीच. म्हणजे २५ ची फाईल ३० च्या टाईमलाईनवर टाकली होती, सॉफ्टवेअर कमी पडलेली फ्रेम रिपीट करून भरतं. उभ्या माणसाच्या शॉटमध्ये हे चालून जातं, सरळ धावणाऱ्या रेघेत लगेच दिसतं. दोन्ही फाईल वेगळ्या रेंडर करून दिलेल्या होत्याच, ३० वाल्यात अक्षरं चार-चार फ्रेमच्या अंतराने येतात, पण नावं अशी ठेवली होती की फरक शेवटच्या दोन अंकांतच होता. नावं बदलली, एकाची सुरुवात `MOBILE_30` आणि दुसऱ्याची `CAMERA_25`. त्यानंतर ती चूक झाली नाही.

दुसरी गोष्ट मोबाईलवर एडिट करणाऱ्या दोघांची. मी पारदर्शक बॅकग्राऊंडची प्रोरेस ४४४४ फाईल दिली होती, त्यांच्या ॲपमध्ये ती उघडेना. घाईत मी हिरव्या पडद्यावरची दिली, ॲपमध्ये हिरवा काढायची सोय होती. पण ब्रँडच हिरवा. पडदा गेला आणि त्याच्यासोबत अर्धी अक्षरंही गेली, उरल्या फक्त किनारी. मग गडद गुलाबी पडदा करून बघितला तर अक्षरांना गुलाबी कड राहायची. शेवटी त्या दोघांसाठी पारदर्शक काही ठेवलंच नाही. त्यांना पूर्ण फ्रेमचा, पांढरट बॅकग्राऊंडवरचा लोगो दिला आणि ट्रान्झिशनच्या जागी साधा कट आणि त्यावर तुणतुण्याची एक छेड. मी आधी नाखूष होतो, पण ऐकलं तेव्हा पटलं, डोळ्यांना तार दिसत नाही तरी कानाला ती येते.

परिणाम म्हणाल तर तिसऱ्या सेकंदाचा तो कडा ग्राफमध्ये आता दिसत नाही, रेघ उतरते पण उतारासारखी. याचं सगळं श्रेय मी ॲनिमेशनला देणार नाही, त्याच महिन्यात व्हिडिओंची नावं आणि थंबनेलही बदलले होते, आणि सगळ्यात मोठा बदल लोगोच्या आधी सरांचं वाक्य आलं हाच असावा. मला खात्रीने सांगता येईल ते एवढंच की आता चार पोरांचे चार व्हिडिओ आवाज बंद करून लावले तरी एकाच घरातले वाटतात.

आता नवीन काम समोर आलंय. विजयपूरच्या बाजूला द्राक्ष बागायतदार बरेच आहेत आणि आप्पांना कन्नडमध्ये व्हिडिओ सुरू करायचेत. कन्नड लिपीला सलग शिरोरेखा नाही. बऱ्याच अक्षरांच्या डोक्यावर छोटा तुटक फराटा असतो, त्याला तलकट्टू म्हणतात. म्हणजे तार ताणली तर अक्षरं तिला कशाने लटकवायची हा प्रश्न आहे. एक ट्रायल केली, तार नावाच्या थोडी वर ताणली आणि प्रत्येक अक्षर त्या फराट्याने तिला अडकवलं, कपड्याच्या चिमट्यासारखं. स्थिर राहायच्या दोन मात्रांत तार हळूच निघून जाते आणि नाव एकटं उरतं, कारण कन्नड वाचणाऱ्याला नावावर कायमची रेघ नको. गेल्या आठवड्यात ती विजयपूरच्या एका बागायतदाराला पाठवलीय, बागेत उभं राहून, उन्हात बघा असं सांगून.